पाट, मोहतूर आणि दुसऱ्या लग्नाची हळद



मागच्या महिन्यात वसमतकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हळद शिजवायचे दिवस होते. कढया लागलेल्या, अंगणाअंगणांत हळद वाळत घातलेली, सगळ्यांचे हात पिवळे. बैठक संपली तशी एक साठीची बाई जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, पोरगा जाऊन दोन वर्षं झाली. सुनेचं दुसरं लग्न करायचं ठरवलंय. भावकी म्हणते करा, पण हळद लावायची नाही, मांडव घालायचा नाही, दिवसा करायचं नाही. म्हणे आपल्यात तशीच रीत आहे. खरंच तशी रीत आहे का?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. रीत होती हे खरं आहे. पण ती कुठून आली, तिच्यात काय ठेवलं होतं, काय गाळलं होतं आणि का, हे सांगितल्याशिवाय नुसतं हो किंवा नाही म्हणणं बरोबर नव्हतं. आज तेच तुमच्यापुढे मांडते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी दोन वेगळे शब्द होते. मुलीचं पहिलं होई ते 'लग्न'. विधवेचं, किंवा नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिलेल्या बाईचं दुसरं होई तो 'पाट' किंवा 'मोहतूर'. कुठं कुठं त्याला 'गांधर्व' असंही म्हणत. "तिचा पाट लावला", "तिचं मोहतूर झालं" अशी बोलण्याची पद्धत होती. पाट म्हणजे तोच, आपण जेवायला बसायला घेतो तो लाकडी पाट. दोन पाट मांडायचे, दोघांना त्यावर बसवायचं आणि मोजक्या माणसांसमोर गाठ बांधायची, एवढ्यावर ते लग्न उरकलं जाई.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पाट हा शब्द बाईच्या दुसरेपणावरून ठरत होता. बायको मेलेला पुरुष पन्नाशीचा असला आणि त्यानं कुमारी पोरगी केली, तर त्याचं पुन्हा वाजतगाजत 'लग्न'च होई. हळद, मांडव, वरात, सगळं होई.

हा पाट सगळ्या जातींत नव्हता. कुणबी, माळी, धनगर आणि बऱ्याच कष्टकरी, कारागीर जातींत तो पिढ्यान् पिढ्या चालत आलेला होता. ब्राह्मणांत नव्हता. मराठ्यांतली देशमुखी-पाटीलकीची, स्वतःला कुळीची म्हणवणारी घराणीही तो करत नसत. शेतात राबणाऱ्या घराला बाईच्या हातांची गरज होती, म्हणून तिथं पाट होता. एखाद्या घराकडं जमीन आली, मान आला, की ते घर पहिल्यांदा काय बंद करी, तर आपल्या विधवांचे पाट. "आमच्यात पाट लागत नाही" हे मोठेपणाचं लक्षण झालं. त्या मोठेपणाची किंमत घरातली तरुण विधवा आयुष्यभर चुकती करत राहिली.

ही रीत लिहून ठेवलेली आहे. पेशवाई गेल्यावर आर्थर स्टील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज गोळा केले. ते पुस्तक 1827 साली निघालं आणि त्यात लग्न आणि पाट असे दोन वेगळे प्रकार नोंदलेले आहेत. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, आपला वेगळा जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचं मोठं पुस्तक 1920 साली आलं. त्यातही अनेक जातींच्या विधवाविवाहाची माहिती आहे. त्याआधी मराठ्यांच्या राज्यात तर पाटावर कर होता. लग्नाला लग्नटका आणि पाटाला 'पाटदाम'. म्हणजे राजाच्या दप्तरालाही पाट मान्य होता. तो चोरीचा मामला नव्हता, पैसे भरून केलेला उघड व्यवहार होता.

आता पाट लागायचा कसा ते सांगते. गावागावांत, जातीजातींत फरक असे, पण मूळ ठेवण सारखी होती.

पहिली गोष्ट वेळ. पाट रात्री लागे, बहुतेक वेळा वद्य पक्षात, म्हणजे अंधाऱ्या रात्रीत. मांडव नाही, वाजंत्री नाही, मुंडावळ्या-बाशिंग नाही. गावाला हळदीचं बोलावणं नाही. देवक बसवायचं नाही. अंतरपाट धरून मंगलाष्टका म्हणायच्या नाहीत. वरात नाही. नवरी सासरी निघायची तीसुद्धा उजाडायच्या आत.

दुसरी गोष्ट माणसं. पाटाला सवाष्णींनी हजर राहायचं नाही, असा बऱ्याच ठिकाणी दंडक होता. ज्या स्वतः विधवा आहेत किंवा ज्यांचा पाट लागलेला आहे त्या बाया पुढं होत. पुण्याकडच्या जुन्या नोंदींत असंही सापडतं की पाट लागल्यावर पहिले काही दिवस सवाष्ण बाईनं त्या नवरीचं तोंड बघणं अशुभ मानत. विचार करा, जिचा संसार पुन्हा उभा राहतोय तिचंच तोंड बघायचं नाही.

मग ठेवलं काय होतं? दोन पाट. चौक. पाण्याचा तांब्या किंवा कलश, त्यावर पानं आणि नारळ. सुपारीचा गणपती. नवं लुगडं आणि हातात नव्या बांगड्या. कपाळाला कुंकू. गळ्यात मणी. तिची ओटी भरायची. त्याच्या उपरण्याला तिच्या पदराची गाठ मारायची. गूळ किंवा साखर वाटायची, पानसुपारी द्यायची आणि जातीच्या माणसांना जेवण घालायचं. काही ठिकाणी भटजी येई आणि काही ठिकाणी त्याच्याशिवायच भागे. तो नसला तरी पंच मात्र लागत.

हे सगळं नीट बघितलं तर ठेवण्या-टाकण्यामागचा हिशेब कळतो. जे दोन माणसांना आणि दोन घरांना बांधतं ते ठेवलं. गाठ, मणी, कुंकू, ओटी, साक्षीला चार माणसं, जेवण. यांच्यामुळं लग्न पक्कं होतं, लेकरांना बापाचं नाव मिळतं. आणि जे गावाला सांगतं, देवाला बोलावतं, आनंद करतं ते गाळलं. हळद, मांडव, वाजंत्री, देवक, वरात. समाजाला तिचं लग्न हवं होतं, तिचा गाजावाजा नको होता.

गाळण्यामागं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे भीती. पहिल्या नवऱ्याचा जीव त्या बाईभोवती घुटमळतो, तो नव्या नवऱ्याला सुखानं जगू देणार नाही, अशी समजूत होती. म्हणून कुठं पाटाच्या वेळी त्याच्या नावानं काही करत, कुठं त्याचा चांदीचा टाक करून पूजत किंवा गळ्यात बांधत. याच भीतीतून रुईच्या झाडाची रीत आली. न लग्न झालेल्या पोरानं विधवा करायची असेल, तर आधी त्याचं रुईच्या झुडपाशी लग्न लावत. म्हणजे त्याचं पहिलं, कुमारपणाचं लग्न रुईवर गेलं आणि विधवा त्याची दुसरी झाली. बायको मेलेल्या पुरुषाचं तिसरं लग्न असलं तरीही तिसरी बायको म्हणून आधी रुई उभी करत, म्हणजे खरी नवरी चौथी ठरे आणि तिच्यावरचं संकट रुईवर जाई. पुरुषाला वाचवायला झाड होतं. बाईचा दोष काढायला मात्र तसं कोणतंही झाड नव्हतं.

आता नात्यागोत्याचं बघू, कारण खरा व्यवहार तिथंच होता. पहिल्या लग्नात बाप मुलगी देतो. पाटात देणारा कोण हा प्रश्न सोपा नव्हता. ती एकदा दिलेली, म्हणजे सासरची झालेली. म्हणून अनेक जातींत नव्या नवऱ्याकडून काही रक्कम घेतली जाई. कुठं ती बापाला मिळे, कुठं पहिल्या सासरला, आणि पंचांचाही त्यात वाटा असे. जुन्या सासरनं घातलेले दागिने उतरवून परत द्यायचे. लेकरं बहुतेक वेळा जुन्या घरीच राहायची, आजी-चुलत्यांजवळ. अंगावर पिणारं लेकरू असलं तर ते आईबरोबर जाई आणि मोठं झालं की परत बापाच्या घरी. काही जातींत धाकट्या दिराशी पाट लावत. त्यात लेकरं आणि जमीन दोन्ही घरात राहत, आणि बाईला काय वाटतं हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

पाट लागल्यावरही ती पुरती सवाष्ण होत नसे. 'लग्नाची' आणि 'पाटाची' हा फरक राही. दुसऱ्याच्या लग्नात हळद लावायला, पहिली ओटी भरायला लग्नाचीला बोलवत, पाटाचीला मागं बसवत. आमच्या आजीच्या तोंडून मी हे ऐकलेलं आहे. "ती पाटाची हाय," असं ती आवाज खाली घेऊन म्हणे.

ही झाली कष्टकरी घरांची गोष्ट. ब्राह्मण घरांत नेमकं उलटं झालं. तिथं पाट नव्हताच. म्हणून विधवेचं लग्न करायचं तर पुरे विधी करून, लग्न म्हणूनच करायचं, असा आग्रह सुधारकांनी धरला. 1856 साली इंग्रज सरकारनं विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमात एक मोलाची गोष्ट होती. पहिल्या लग्नात जे विधी केल्यानं लग्न पक्कं होतं, तेच विधी विधवेच्या लग्नात केले तर तेही तितकंच पक्कं. ते मंत्र, ते विधी विधवेला चालत नाहीत असं म्हणून कुणाला ते लग्न मोडता येणार नाही. संमतीबद्दलही त्यात लिहिलं होतं. विधवा अजाण असेल आणि सासरी नांदली नसेल, तर बापाची संमती लागे. बाप नसेल तर आजोबाची, मग आईची, मग थोरल्या भावाची. जाणत्या विधवेला तिची स्वतःची संमती पुरेशी होती. सासरच्यांची परवानगी कुठंच मागितलेली नव्हती. हा कायदा निजामाच्या राज्यात आपोआप लागू नव्हता, पण त्यावरून उठलेली चर्चा सगळ्या मराठी मुलखात पोचली.

त्या कायद्यात एक काटाही होता. दुसऱ्या कलमानं पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला, जणू ती स्वतःच मेली असं समजून. कुंकू परत लाव, पण जमीन सोड, असा तो सौदा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडं परत येणार आहे.

15 जून 1869 रोजी मुंबईत वेणूबाई या विधवेचं लग्न पांडुरंग विनायक करमरकर यांच्याशी झालं. विष्णुशास्त्री पंडित यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांतला हा पहिला गाजलेला विधवाविवाह. हे लग्न मुद्दाम उघडपणे झालं आणि मंडळींवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर यावर मोठा वाद झाला. अशा वादांत कायम पुढं येणारा एक अडसर म्हणजे कन्यादान. दान एकदा दिलं की देणाऱ्याचा हक्क संपला. मग बाप तीच मुलगी पुन्हा कशी देणार? आणि गोत्र कोणतं सांगायचं, बापाचं की मेलेल्या नवऱ्याचं? बाईला वस्तू धरलं की असे प्रश्न पडतात. तरी ते त्या काळी खरे होते आणि त्यांच्यावर लग्न अडत होतं.

11 मार्च 1893 रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईशी लग्न केलं. त्याच पुढं आनंदीबाई, बाया कर्वे. त्या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. कर्वेही विधुर होते. त्यांना कुमारी मुलगी सहज मिळाली असती, पण करीन तर विधवेशी असं त्यांनी ठरवलं होतं. लग्न पुण्यात लागलं आणि शिक्षा मुरुडला, त्यांच्या गावी झाली. गावानं त्यांच्याशी संबंध तोडायचं ठरवलं आणि घरच्यांना ते सोसावं लागलं. भावकी पाठीशी नसली की विधी कितीही पुरे करा, जाच मागं राहिलेल्या आईला होतो.

म्हणजे बघा, एकीकडं पाट होता, त्यात नातेवाईक होते पण विधी तोकडे आणि मान कमी. दुसरीकडं पुनर्विवाह होता, त्यात विधी पुरे पण नातेवाईक दूर गेलेले. आपल्याला आज या दोन्हींतलं चांगलं घ्यायचं आहे.

तोकड्या विधीचा आणखी एक धोका आहे आणि तो फार बायांना माहीत नाही. 1965 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, आपल्याच महाराष्ट्रातला. एका माणसानं पहिली बायको असताना 1962 साली दुसरी केली, गांधर्व पद्धतीनं. पहिलीनं फिर्याद केली. साक्षीदारांनी काय पाहिलं ते कोर्टात सांगितलं. रात्री दहाची वेळ. दोन पाट मांडले. सतरंजी अंथरली. तांब्यावर पानं आणि नारळ ठेवून पूजा झाली. दोघांनी एकमेकांना हार घातले आणि मग दोघांच्या कपाळाला कपाळ लावलं. बस, एवढंच.

हे वर्णन ऐकून तुम्हाला वाटेल, अरे हा तर आपला पाटच. पण न्यायालयानं विचारलं, होम झाला का? सप्तपदी झाली का? नाही. मग तुमच्या जातीत होम आणि सप्तपदी गाळून लग्न पक्कं धरायची जुनी रूढ आहे, हे सिद्ध करा. ते सिद्ध झालं नाही. न्यायालय म्हणालं, मग हे कायद्याच्या भाषेत लग्नच नव्हे, आणि दुसरं लग्नच झालं नाही तर दोन बायका केल्याचा गुन्हाही नाही. माणूस सुटला. पहिलीला न्याय मिळाला नाही आणि दुसरी कायद्यानं बायको ठरली नाही. अंधारात उरकलेल्या लग्नाचा फायदा पुरुषाला असा मिळतो.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम काय सांगतं? दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न पक्कं. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं. म्हणजे पाटाची रीत बेकायदा नाही. पण ती तुमच्या जातीची जुनी, चालत आलेली रीत आहे हे दाखवायची पाळी आली, तर ते ओझं बाईवर येतं. म्हणून माझं सांगणं आहे की गाळायचंच असेल तर बाकी काहीही गाळा, सात पावलं गाळू नका.

आता एक अलीकडची गोष्ट सांगते. आमच्या ओळखीतली आहे, म्हणून गाव आणि नावं सांगत नाही.

पोरगी सव्वीस वर्षांची, पदरात पाच वर्षांची लेक. नवरा मोटारीचा शॉक लागून गेला. त्याच्या नावावर तीन एकर. सासू खमकी होती, तिनंच दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. स्थळ आलं कळमनुरीकडचं, बायको आजारानं गेलेला माणूस. सगळं जुळलं. आणि लग्नाला आठ दिवस असताना दीर कागद घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही दुसऱ्या घरच्या. हे हक्कसोडपत्र आहे, तालुक्याला चलून सही करा, म्हणजे लग्नाला आमची आडकाठी नाही."

इथं ते 1856 चं दुसरं कलम आठवा. जमीन सोड, कुंकू घे. तो कायदा 1983 साली रद्द झाला, पण भावकीच्या डोक्यातून गेला नाही. त्याच्या आधीच, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा केला. नवरा गेला त्या दिवशी ती त्याची विधवा होती, त्या दिवशीच तिचा वाटा तिचा झाला. पुढं लग्न केल्यानं तो जात नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 2008 साली हेच सांगितलेलं आहे.

नवऱ्याच्या तीन एकरांत वारस तिघी. बायको, लेक आणि त्याची आई. तिघींना सारखा वाटा, म्हणजे एकेक एकर. दिराचा त्यात काहीच नाही. सुनेनं सही केली असती, तर तिचा एकर गेला असता. अजाण लेकीचा वाटा तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. सासूनं दिराला एवढंच विचारलं, "माझ्या नातीचं तू काय खायला निघालास?" कागद परत गेला. तुमच्याकडं असा कागद आला, तर लग्नाच्या घाईत सही करू नका. फेरफार आधी बघा, सातबाऱ्यावर वारस लागलेत का ते बघा, मग बोला.

लग्न दिवसा झालं, सकाळी अकराला, सासरच्याच अंगणात. चार बांबू रोवून, आंब्याचे टहाळे लावून लहानसा मांडव घातला. हळद सासूनं लावली, पहिली. मग पोरीच्या आईनं. मग तिथं असलेल्या सगळ्या बायांनी, विधवा असो की सवाष्ण. एक जुनी चुलतसासू म्हणाली, "मला नको लावायला सांगू, मी अशी." सासू म्हणाली, "मीही तशीच हाय, लाव."

भटजींशी आधीच बोलणं झालं होतं. ते म्हणाले, कन्यादान पहिल्या वेळी झालंय, ते पुन्हा नको. पाणिग्रहण, होम आणि सप्तपदी करू, लग्न तेवढ्यानं पुरं होतं. मला ते पटलं. दीडशे वर्षांपूर्वी ज्या विधीवर लग्नं अडत होती तो एक विधी गाळला आणि जे लग्न पक्कं करतं ते ठेवलं. देवक नव्या नवऱ्याच्या घरी बसलं. मामा आला नाही, मनाला लागलं होतं त्याच्या. मग नवरीच्या पाठीशी नणंद उभी राहिली.

एकच गोष्ट बिनसली. लेकरानं आईचं लग्न बघू नये म्हणून कुणीतरी त्या पोरीला शेजारच्या घरात नेऊन ठेवलं होतं. ती रडून रडून थकली. तिला वाटलं, आई पळून चालली. सप्तपदी व्हायच्या आधी सासूच्या लक्षात आलं. तिनं नातीला आणून मांडवात बसवलं आणि नव्या नवऱ्यानं तिच्या हातात अक्षता दिल्या. पुढं कुठं राहायचं, हे आधीच ठरलेलं होतं, आईजवळ राहायचं आणि सुट्टीत आजीकडं यायचं. आज कायद्यानं आईनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिचं पालकपण जात नाही. पण हे लग्नाआधी बोलून ठरवलं नाही, तर लग्नाच्या दिवशी लेकरू ओढाताणीत सापडतं.

शेवटी नोंदणी. ग्रामपंचायतीकडं अर्ज, दोघांच्या वयाचे पुरावे, दोघांच्याही पहिल्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा फोटो आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार म्हणून सही केली सासूनं, पोरीच्या बापानं आणि नवऱ्याच्या भावानं. तिन्ही घरांची एकेक सही. लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत ही नोंद करावी. सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं लग्न असेल, तर मृत्यूच्या दाखल्याच्या जागी कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम लागतो. पंचांनी केलेली काडीमोड किंवा बाँडवरची फारकत यावर विसंबून लग्न लावू नका. जातीची तशी जुनी रूढ कोर्टात सिद्ध झाली तरच ती टिकते, नाहीतर दुसरं लग्न कच्चं राहतं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. नवरा गेल्यावर जे काढून घ्यायचं नाही असं तिथं ठरलं, तेच दुसऱ्या लग्नात परत द्यायला आपण का कचरतो?

त्या वसमतकडच्या मावशीला मी एवढंच सांगितलं. भावकी म्हणते ती रीत होती, पण तिच्यात अंधार भीतीनं आणला होता आणि तोकडेपणा मोठेपणाच्या हव्यासानं. आपल्या लोकांनी गाठ, मणी, ओटी, साक्षीची माणसं आणि जेवण कधीच सोडलं नाही, तेवढं तुम्हीही सोडू नका. त्यात सात पावलं घाला, नोंद करा आणि कागदावर सही करण्याआधी वाचून घ्या.

मावशीनं अंगणाकडं बघितलं. पिवळीधमक हळद पसरलेली होती. म्हणाली, "ताई, साऱ्या मुलखाला आपल्या जिल्ह्यातून हळद जाते. माझ्या सुनेपुरती मूठभर निघंलच की."

लग्न वैशाखात आहे. मला बोलावणं आलंय.